चकली, चिवडा आणि तुटक रेषा

*मॅडम, मी बारावी कॉमर्सला आहे, धायरीला राहते. असमानतेच्या आलेखात शेडिंग कुठल्या बाजूला करायचं आणि रेषा डॉटेड काढायची की सलग, इथेच माझे मार्क जातात. मैत्रीण म्हणाली होती, ‘लहानचं चिन्ह असलं की रेषेच्या खाली, मोठ्याचं असलं की वर.’ तसं केलं तर 2x − 3y < 6 चुकलं. (0, 0) घालून बघ असंही सांगतात, पण रेषाच (0, 0) मधून जात असेल तर काय करायचं?*

*सरांनी घरातलं एखादं गणित मांडून आणायला सांगितलं होतं. आई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. एक किलो चकलीला अर्धा तास लागतो, एक किलो चिवड्याला पाव तास, आणि दिवसाला ती जास्तीत जास्त सहा तास करते. चकली चिवड्यापेक्षा जास्त लागते. चकलीत किलोमागे 100 रुपये सुटतात, चिवड्यात 60. मी 8 किलो चकली आणि 8 किलो चिवडा असं उत्तर काढलं. सर नुसतं म्हणाले, ‘आलेख पुन्हा बघ.’ काय बघू?*

*– एक विद्यार्थिनी, धायरी*

प्रिय विद्यार्थिनी,

मैत्रिणीचा नियम आधी बाजूला ठेव. तो अगदीच खोटा नाही, पण एकाच मांडणीत चालतो, आणि ती मांडणी कुठली हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. तुझं 2x − 3y < 6 त्या मांडणीत नव्हतं, म्हणून फसलं.

तेच उदाहरण घेऊन बसू. असमानतेचं चिन्ह क्षणभर विसरून 2x − 3y = 6 ही रेषा काढायची. y = 0 घेतलं की x = 3 येतो, x = 0 घेतलं की y = −2 येतो. म्हणजे (3, 0) आणि (0, −2) हे दोन बिंदू मिळाले. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिसरा बिंदूही काढायला लावते, कारण दोन बिंदूंमधून रेषा नेहमीच जाते, मग त्यातला एक चुकलेला असला तरी कळत नाही. इथे x = 6 घेतलं तर y = 2 येतो. (6, 2) त्याच पट्टीवर आला की रेषा बरोबर आहे.

आता पेन्सिलीचं टोक (3, 0) वर ठेव आणि x तसाच ठेवून सरळ वर सरकव. (3, 0) ला 2x − 3y ची किंमत 6 आहे. (3, 1) ला ती 3 होते. (3, 2) ला 0 होते. आता खाली ये. (3, −1) ला तीच किंमत 9 होते. वर गेलीस की किंमत कमी होते आणि खाली आलीस की वाढते, कारण y च्या मागे ऋण चिन्ह आहे. y जितका मोठा, तितकं जास्त वजा होणार. तुला 6 पेक्षा कमी किंमत हवी आहे, आणि ती रेषेच्या वरच्या बाजूला आहे. चिन्ह ‘लहान’चं असूनही शेडिंग वर येतं ते यामुळे.

एवढ्यावर ‘मग संपूर्ण वरची बाजू कशी काय चालते, मी तर एकाच उभ्या रेषेवरचे बिंदू पाहिले’ असं तुझ्या मनात आलं असेल, तर ते योग्यच आहे. उत्तर असं: 2x − 3y ची किंमत बिंदू सरकवताना हळूहळू बदलते, मध्येच उडी मारत नाही. 6 च्या खालून 6 च्या वर जायचं असेल तर वाटेत कुठेतरी नेमका 6 लागायलाच हवा. आणि जिथे जिथे नेमका 6 येतो, ते सगळे बिंदू मिळूनच आपली रेषा झालेली आहे. म्हणून रेषा न ओलांडता एका बाजूला कुठेही फिर, किंमत 6 च्या त्याच बाजूला राहते. एक बिंदू तपासला की अख्खी बाजू तपासून झाली. (0, 0) घालून बघण्याच्या पद्धतीमागे एवढंच आहे.

मैत्रिणीचा नियम कधी चालतो तेही पाहून घे. डाव्या बाजूला y एकटा असेल आणि त्याचा सहगुणक धन असेल, तर y < म्हणजे खाली आणि y > म्हणजे वर हे बरोबर आहे. तुझी असमानता त्या रूपात आणायची तर −3y < 6 − 2x असं लिहून दोन्ही बाजूंना −3 ने भागावं लागतं. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, म्हणून y > (2/3)x − 2 मिळतं. आता नियमही ‘वर’च सांगतो. गोंधळ होतो तो चिन्ह उलटायचं राहून गेलं की, किंवा रूप न बदलताच नियम लावला की. परीक्षेच्या घाईत हे दोन्ही सहज घडतं. बिंदू घालून पाहण्यात चिन्ह उलटायचा प्रश्नच येत नाही, म्हणून मी नेहमी तोच मार्ग आधी सांगते. वेळ उरला तर दुसऱ्या पद्धतीने पडताळा घे.

असमानता उलटी लिहिलेली असली, जसं 6 > 2x − 3y, तर काही मुलं ‘मोठ्याचं चिन्ह’ पाहून शेडिंग फिरवतात. ती हीच असमानता आहे, नुसती बाजू बदलून लिहिलेली. बिंदू घालून बघणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. 6 > 0 हे खरंच आहे.

चाचणीसाठी (0, 0) घेतात ते केवळ आकडेमोड सोपी होते म्हणून. त्या बिंदूत बाकी काही खास नाही. अट एकच आहे: घेतलेला बिंदू रेषेवर नसावा. रेषा आरंभबिंदूतून जाते हे ओळखायला आलेखही लागत नाही. x आणि y सोडून सुटा आकडा नसेल, म्हणजे सगळं एका बाजूला आणल्यावर दुसऱ्या बाजूला 0 उरत असेल, तर रेषा (0, 0) मधूनच जाणार. तिथे (0, 0) घातलास तर 0 > 0 असं काहीतरी येतं. ते खोटं आहे हे पाहून ‘आरंभबिंदूची बाजू नको’ असा निष्कर्ष मुलं काढतात, आणि तिथेच घसरतात. आरंभबिंदूला तिथे बाजूच नाही, तो सीमेवर बसलाय. 0 > 0 खोटं आलं याचा अर्थ एवढाच की सीमेवरचे बिंदू चालत नाहीत. अशा वेळी (1, 0) किंवा (0, 1) यांपैकी जो रेषेवर नाही तो घे. रेषा म्हणजे एखादा अक्षच असेल तर दोघांपैकी एक त्या अक्षावर येतो, मग दुसरा घ्यायचा.

आता रेषेचं. सलग की तुटक हा प्रश्न शेडिंगच्या बाजूपेक्षा अगदी वेगळा आहे, आणि तो वेगळाच सोडवावा. शेडिंग विचारतं: कुठली बाजू? रेषा विचारते: सीमेवरचे बिंदू स्वतः उत्तरात आहेत का? ≤ किंवा ≥ असेल तर बरोबरी चालते, सीमा उत्तरात आहे, रेषा सलग. < किंवा > असेल तर बरोबरी चालत नाही, रेषा तुटक. लक्षात ठेवायला सोपं हवं असेल तर चिन्हाखाली बघ. चिन्हाखाली आडवी रेघ आहे, तर आलेखातही रेषा पूर्ण काढ. चिन्हाखाली रेघ नाही, तर आलेखात तुटक.

ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटतं तेव्हा त्याची दिशा बदलते, पण खालची आडवी रेघ जात नाही आणि नव्याने येतही नाही. ≤ चं ≥ होतं, < चं > होतं. म्हणजे रेषा सलग की तुटक हे प्रश्नात दिलेल्या मूळ असमानतेवरूनच ठरवता येतं. मी तर सांगेन की पट्टी हातात घेण्याआधीच असमानतेच्या शेजारी पेन्सिलीने ‘सलग’ किंवा ‘तुटक’ असा शब्द लिहून टाक. एकदा गडद सलग रेषा ओढली की खोडून तुटक करताना ग्राफ पेपर काळा होतो, आणि तपासणाऱ्याला नेमकं काय काढलंय ते दिसत नाही.

तुटक रेषेबाबत एक अडचण ग्राफ पेपरवरच येते. समज x > 3 दिलंय. ही उभी रेषा नेमकी छापील उभ्या रेघेवर येते. तू त्यावर तुटक रेषा काढलीस, तरी मधल्या फटीतून छापील रेघ दिसतच राहते आणि लांबून सगळं सलग वाटतं. अशा वेळी तुकडे जरा लांब, साधारण अर्धा सेंटिमीटर, आणि गडद ठेव. फटी स्पष्ट सोड. शेजारी x = 3 लिही. ठिपके ठिपके काढू नकोस, ते छापील जाळीत हरवून जातात. याहून अवघड x > 0 असतं. तिथे सीमा म्हणजे Y-अक्ष, आणि अक्ष तर सलगच काढलेला असतो. मग अक्षावरच गडद तुकडे काढ आणि ‘Y-अक्षावरचे बिंदू उत्तरात नाहीत’ असं बाजूला एका ओळीत लिही. न लिहिता ते कळायला मार्ग नाही.

शेडिंगही पूर्ण रंगवू नये. तिरप्या बारीक रेघा पुरतात, आणि त्या सीमेपाशी थांबायला हव्यात. एकापेक्षा जास्त असमानता असतील तर प्रत्येक रेषेवर हव्या त्या बाजूला दोन-तीन छोटे बाण काढ आणि शेवटी फक्त सगळ्यांचा सामाईक भाग रेखाटून घे. प्रत्येक असमानतेचं वेगळं शेडिंग करत गेलं तर तिसऱ्या रेषेनंतर कुठला भाग कितीदा रंगवला ते मोजत बसावं लागतं. काही पुस्तकं उलट करतात, नको असलेला भाग रंगवतात आणि उत्तराचा भाग कोरा ठेवतात. तेही चुकीचं नाही, पण आलेखाखाली काय रंगवलंय ते लिहिलेलं असावं.

चल, आता आईच्या फराळाकडे येऊ, कारण तुझ्या सरांनी बोट ठेवलंय ती जागा खरोखर पाहण्यासारखी आहे.

चकली x किलो, चिवडा y किलो. वेळेची अट x/2 + y/4 ≤ 6. दोन्ही बाजूंना 4 ने गुणलं की 2x + y ≤ 24. ‘जास्तीत जास्त सहा तास’ म्हणजे सहा तास पूर्ण चालतात, म्हणून ≤, म्हणून रेषा सलग. ती (12, 0) आणि (0, 24) मधून जाते. (0, 0) घातलं की 0 ≤ 24, खरं. म्हणजे आरंभबिंदूची बाजू.

दुसरी अट x > y. सीमा x = y ही रेषा, आरंभबिंदूतून जाणारी. तू (0, 0) पाशी अडलीस ती बहुधा इथेच. आईच्या भाषेत विचार कर: 5 किलो चकली आणि चिवडा अजिबात नाही, म्हणजे (5, 0). चकली जास्त आहे का? आहे. 5 > 0, खरं. म्हणून (5, 0) ची बाजू, म्हणजे x = y च्या खालची, X-अक्षाकडची. शाब्दिक उदाहरणात असा अर्थ असलेला बिंदू घेतला की चूक लगेच लक्षात येते, कारण उत्तर आकड्यांतून येण्याआधीच आपल्याला माहीत असतं. आणि ‘चिवड्यापेक्षा जास्त’ म्हटलंय, ‘चिवड्याइतकी किंवा जास्त’ म्हटलेलं नाही. म्हणून ही रेषा तुटक.

अशा उदाहरणांत चिन्ह वाक्यातूनच ठरतं, तेव्हा वाक्य जपून वाच. ‘निदान’, ‘कमीत कमी’, ‘जास्तीत जास्त’ आणि ‘पेक्षा जास्त नको’ या सगळ्यांत बरोबरी चालते. ‘पेक्षा कमी नाही’ इथे मुलं ‘कमी’ शब्द पाहून < लिहितात. पण 5 पेक्षा कमी नाही म्हणजे 5 किंवा त्याहून जास्त, म्हणजे ≥.

x ≥ 0 आणि y ≥ 0 धरून तुझा सामाईक भाग एक त्रिकोण होतो. त्याचे कोपरे (0, 0), (12, 0) आणि (8, 8). (8, 8) तुला रेषा छेदून मिळाला असणार: x = y आणि 2x + y = 24, म्हणून 3x = 24. छेदनबिंदू बरोबर काढलास. वेळही नेमका सहा तास होतो, चार तास चकलीला आणि दोन चिवड्याला.

आता कोपऱ्यावर नीट थांब. (8, 8) हा बिंदू वेळेच्या सलग रेषेवर आहे, तिथे त्याला परवानगी आहे. पण तो x = y या तुटक रेषेवरही आहे, आणि तिथे त्याला परवानगी नाही. 8 > 8 खोटं आहे. कोपरा उत्तरात यायचा असेल तर त्यातून जाणाऱ्या प्रत्येक रेषेने त्याला होकार द्यायला हवा. एका रेषेने नाही म्हटलं की तो बाहेर. म्हणून आलेखात (8, 8) वर भरीव ठिपका न देता पोकळ वर्तुळ काढायचं. (0, 0) वरही पोकळ वर्तुळ, कारण तोही तुटक रेषेवर आहे. (12, 0) मात्र दोन्ही सलग सीमांवर आहे, तिथे भरीव ठिपका. त्रिकोणाच्या तीन बाजूंपैकी खालची आणि उजवीकडची सलग, डावीकडची तुटक.

म्हणजे तू दिलेलं उत्तर आईची अट मोडतं. 8 किलो चकली आणि 8 किलो चिवडा केला तर चकली जास्त झालीच नाही, सारखी झाली. तुझ्या वहीत x = y ही रेषा सलग असेल, तर सर तेच बघ म्हणत असणार. ती तुटक असेल, तर तू आलेख बरोबर काढून कोपरा मात्र न तपासता उचललास.

मग खरं उत्तर काय? नफा 100x + 60y आहे. (12, 0) ला तो 1200 रुपये होतो आणि (8, 8) ला 1280 झाला असता. आता सलग बाजूवरून (12, 0) कडून (8, 8) कडे चालत ये. (9, 6) ला 1260 होतात. (8.5, 7) ला 1270. (8.1, 7.8) ला 1278. (8.01, 7.98) ला 1279.80. जितकं जवळ जाशील तितका नफा वाढतो, पण 1280 काही होत नाही, कारण तो बिंदू उत्तरात नाही. आणि ‘सगळ्यात मोठा’ असा कुठला एक बिंदूही सांगता येत नाही. तू कुठलाही सांगितलास तरी त्याच्या आणि (8, 8) च्या मध्ये आणखी एक निघतो. गणिताच्या भाषेत या उदाहरणाला कमाल किंमतच नाही.

हे वाचून विचित्र वाटेल, पण तुझ्या पुस्तकातल्या रेषीय प्रोग्रामिंगच्या उदाहरणांत अटी ≤ आणि ≥ अशाच का असतात, त्याचं कारण हे आहे. कोपऱ्याच्या बिंदूंवर किंमत काढून सगळ्यात मोठी निवडायची, ही पद्धत कोपरे उत्तरात असतील तरच चालते. जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये मांडलेली सिम्प्लेक्स पद्धतही एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जात जात उत्तर शोधते. कोपराच बाहेर असेल तर तिथे पोचून हाती काही लागत नाही. म्हणजे तुटक रेषा केवळ दिसायला वेगळी नसते, तिच्यामुळे उत्तर आहे की नाही हेही बदलू शकतं.

व्यवहारात मात्र आई 8.01 किलो चकली करणार नाही, आणि वाट तिथूनच निघते. ती फक्त पूर्ण किलोच्या पिशव्या भरत असेल, तर x आणि y पूर्णांक असतात. मग ‘चकली चिवड्यापेक्षा जास्त’ याचा अर्थ ‘निदान एक किलोने जास्त’ असा होतो, म्हणजे x ≥ y + 1. पाहिलंस? तुटक रेषा गेली आणि तिच्या जागी जरा उजवीकडे सरकलेली सलग रेषा आली. पण आता उत्तर त्या त्रिकोणातल्या जाळीवरच्या बिंदूंतूनच निवडायचं, कारण नवा कोपरा काढून पाहिलास तर त्याचा y = 22/3 येतो आणि तो पूर्णांक नाही. जवळपासचे बिंदू तपास. (8, 7) ला 1220, (9, 6) ला 1260, (10, 4) ला 1240. म्हणून 9 किलो चकली, 6 किलो चिवडा. वेळ साडेचार तास आणि दीड तास, एकूण सहा.

आलेख बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर मोबाइलवर जिओजेब्रामध्ये ही ओळ घाल:

```
x > y && 2x + y <= 24 && x >= 0 && y >= 0
```

सामाईक भाग रंगलेला दिसेल. एकेक असमानता वेगळी टाकलीस तर x > y ची सीमा तुटक आणि दुसरीची सलग येईल. चिन्ह बदलून > चं >= कर आणि रेषा कशी बदलते ते बघ. कोपऱ्यावर पोकळ वर्तुळ मात्र ते आपणहून काढत नाही, तो बिंदू तुलाच प्रत्येक असमानतेत घालून ठरवावा लागतो. वहीत काढल्यावर पडताळ्यासाठी वापर, आधी नको. हाताने रेषा ओढताना जो निर्णय घ्यावा लागतो, तोच परीक्षेत विचारतात.

सरांना वही दाखवण्याआधी आईला एक विचार: चकली आणि चिवडा सारखाच झाला तर चालेल का? चालत असेल, तर अट x ≥ y आहे, रेषा सलग, (8, 8) वर भरीव ठिपका, आणि तुझं 1280 रुपयांचं उत्तर जसंच्या तसं बरोबर. चालत नसेल, तर सगळ्यात लहान पिशवी किती वजनाची भरतेस तेही विचार. अर्ध्या किलोच्या पिशव्या असतील तर 8.5 किलो चकली आणि 7 किलो चिवडा, 1270 रुपये. पाव किलोच्या असतील तर 8.25 आणि 7.5, 1275 रुपये. आलेख तोच ठेव, तुटक रेषा तुटकच ठेव, आणि उत्तराखाली पिशवीचं वजन लिही.